मुहूर्त कोणत्या क्षणाला लावायचा: पंचांग आणि व्यवहार यांचा मेळ घालण्याची रीत

माझ्या मावसबहिणीने फ्लॅट घेतला तेव्हा घरात तीन दिवस फक्त तारखेची चर्चा चालली होती. विकणारे गृहस्थ परगावी राहणारे, ते बुधवारी रात्री येणार आणि रविवारी पहाटे परत जाणार. म्हणजे हातात गुरुवार, शुक्रवार, शनिवार एवढंच. सासूबाई म्हणाल्या, गुरुवारी भद्रा आहे. दीर म्हणाले, शुक्रवारी दुपारी राहुकाळ आहे. आणि बहिणीची रास मिथुन, तिला शनिवारी आठवा चंद्र. तिन्ही दिवस बाद झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "मग पुढच्या महिन्यात बघू." इथे मात्र बहिणीने मला फोन केला, कारण पुढच्या महिन्यात हे गृहस्थ येतीलच याची खात्री नव्हती आणि फ्लॅट तिच्या मनात भरला होता.

आमच्याकडे पंचांग मनापासून पाहिलं जातं. मीही पाहते, आणि आईने शिकवलेल्या रीतीने पाहते. त्या रीतीत कामाला एक क्रम आहे आणि तो उलटा केला की घोळ होतो. तो क्रम इथे या फ्लॅटच्याच उदाहरणाने सांगते.

आधी पंचांग मिटून ठेवा

पहिला प्रश्न "कधी" हा नसतो, "करायचं की नाही" हा असतो, आणि त्याचं उत्तर पंचांगात नाही. घर घ्यायचं तर मालकीची कागदपत्रं वकिलाने पाहिलेली आहेत का, मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल आला का, सोसायटीचं ना हरकत पत्र आहे का, बँकेची मंजुरी किती दिवस टिकते, हे सगळं मुहूर्त पाहण्याच्या आधी संपलं पाहिजे. शुभ वेळेला सही केली म्हणून घरावरचा जुना बोजा उतरत नाही. आई हेच वेगळ्या शब्दांत सांगायची: मुहूर्त चांगल्या कामाला बळ देतो, वाईट कामाला चांगलं करत नाही.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण मुहूर्ताच्या नावाखाली घाई करवून घेणारे भेटतात. "आज अक्षय्य तृतीया आहे, टोकन तरी देऊन ठेवा" हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. साडेतीन मुहूर्तांच्या दिवशी, म्हणजे पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा मुहूर्त मानलेली बलिप्रतिपदा, दुकानं आणि कार्यालयं भरलेली असतात आणि त्या गर्दीत तपासणी राहून जाते. आमच्याच घरी दसऱ्याला गाडी घेतली. मुहूर्त टळू नये म्हणून घाईघाईत पेढे वाटले, नारळ फोडला, हार घातला आणि गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिलं तर मागच्या दाराच्या खाली रंग खरवडलेला. विक्रेत्याने मान्य केलं नाही, आणि आम्ही गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही केलेली होती. तेव्हापासून आमच्याकडे गाडी आदल्या दिवशी उजेडात पाहून, चालवून, नोंद करून येतात आणि मुहूर्ताला फक्त चावी घेतात.

करायचं ठरलं की दुसरं काम म्हणजे व्यवहाराच्या मर्यादा एका कागदावर लिहिणं. कोण कधी उपलब्ध आहे, शेवटची तारीख कोणती, कोणती वेळ आपल्या हातात आहे आणि कोणती दुसऱ्याच्या. बहिणीच्या कागदावर एवढंच होतं: गुरुवार ते शनिवार, विकणारे दिवसभर मोकळे, दुय्यम निबंधक कार्यालयात शुक्रवारी दुपारी पावणेचारची वेळ मिळण्यासारखी. आता पंचांग उघडायचं ते या चौकटीत. चौकट न आखता पंचांग उघडलं की माणूस "सगळ्यात उत्तम दिवस" शोधत बसतो, आणि तो दिवस सहसा कामाच्या मुदतीनंतर येतो.

मुहूर्त नेमका कशाचा

इथे बहुतेक घरांत गोंधळ होतो. सबंध दिवस शुभ हवा असं धरून लोक दिवसच्या दिवस बाद करतात. परंपरेत मात्र मुहूर्त आरंभाला लागतो, पूर्ण कामाला नाही. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण मुहूर्ताचा. जेवणावळी, पाठवणी, वरात त्याच्या मागेपुढे होतात आणि त्यांची वेळ कुणी पंचांगात पाहत नाही.

याचा सगळ्यात सुंदर दाखला म्हणजे प्रस्थान ठेवणं. हल्ली हा शब्द फारसा ऐकू येत नाही. पूर्वी प्रवासाला निघायचा मुहूर्त सकाळी असायचा आणि निघणं मात्र दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी शक्य व्हायचं. अशा वेळी मुहूर्तावर आपली एखादी वस्तू शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवायची. माझी आजी पांढऱ्या रुमालात एक सुपारी, हळकुंड आणि चिमूटभर तांदूळ बांधायची, गाठ मारायची आणि समोरच्या काकूंच्या देवघरात ठेवून यायची. मग निवांत स्वयंपाक आवरून, पोरांना जेवू घालून, जाताना ती पुरचुंडी उचलायची. तिच्या लेखी प्रवास सकाळीच सुरू झालेला असायचा. श्रद्धेने व्यवहाराला जागा कशी करून दिली आहे हे त्या पुरचुंडीत दिसतं, आणि ही पळवाट नाही, रूढीनेच मान्य केलेली रीत आहे.

म्हणून प्रत्येक कामात विचारायचं: आरंभाची कृती कोणती? आणि ती आपल्या हातात आहे का? घराच्या खरेदीत लोक नोंदणी कार्यालयातली वेळ हा मुहूर्त धरतात. ती वेळ आपल्या हातात नसते. रांग असते, सर्व्हर बंद पडतो, आधीच्या माणसाच्या कागदात चूक निघते. पण खरेदीखत होतं ते दोन्ही पक्ष सह्या करतात तेव्हा. नोंदणी ही त्यानंतरची पायरी आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करता येतो. म्हणजे सही मुहूर्तावर घरी किंवा वकिलाकडे करायची आणि कार्यालयात जी वेळ मिळेल त्या वेळेला जायचं. चार महिने आहेत म्हणून रेंगाळायचं मात्र नाही. शक्यतो त्याच दिवशी नोंदणी करावी, कारण सही करून पैसे अडकलेले आणि दस्त नोंदलेला नाही ही अवस्था लांबवणं धोक्याचं.

यात दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. मुद्रांक शुल्क सहीच्या आधी किंवा सहीच्या वेळी भरलेलं असावं. महाराष्ट्रात फार तर सहीनंतरच्या कामाच्या दिवसापर्यंत मुभा आहे, पण मुहूर्ताच्या सहीला आधीच भरलेलं बरं. आणि दस्तावर तारीख खऱ्या सहीचीच घालायची. "मुहूर्त परवाचा होता, तीच तारीख टाका" असं सुचवणारे लोक असतात. खोट्या तारखेने शुभ काही होत नाही, उलट दस्त वादात सापडतो.

पंचांगात काय, कोणत्या क्रमाने

आता पंचांग. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं, पण रोजच्या निर्णयाला पाचही सारख्या बारकाईने पाहायची गरज नसते. मी चार गोष्टी पाहते.

आधी तिथी. अमावास्या नाही ना, आणि चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी नाहीत ना, एवढं. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. चंद्राची चाल कमीजास्त होते म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांची असते, कधी सव्वीस तासांपर्यंत जाते. त्यामुळे "आज नवमी आहे" हे अर्धवट वाक्य आहे. नवमी किती वाजेपर्यंत आहे ते पाहायचं.

मग भद्रा. हे करणाचं नाव. तिथीचा अर्धा भाग म्हणजे एक करण, आणि विष्टी नावाचं करण असेल तेव्हा भद्रा. महिन्यात ती आठ वेळा येते आणि साधारण दहा ते तेरा तास टिकते. नव्या कामाचा आरंभ भद्रेत करत नाहीत. आमच्या घरात राहुकाळापेक्षा भद्रेला नेहमीच जास्त वजन दिलं गेलं.

तिसरं नक्षत्र. घर, जमीन, दस्त अशा टिकून राहायच्या कामाला ध्रुव नक्षत्रं चांगली मानतात: रोहिणी, उत्तरा फाल्गुनी, उत्तराषाढा, उत्तरा भाद्रपदा. प्रवासाला, वाहनाला वेगळी नक्षत्रं. कामाचा स्वभाव आणि नक्षत्राचा स्वभाव जुळवायचा, एवढं तत्त्व कळलं तरी पुष्कळ.

चौथं, ज्याचं काम त्याच्या राशीपासून चंद्र कितवा आहे. आपल्या राशीपासून मोजताना आपली रास एक धरायची. आठवा आला तर टाळतात. बरेच जण चौथा आणि बारावाही टाळतात, पण आठव्याइतकं कडक नाही.

दोन पंचांगांत फरक दिसला की लोक गोंधळतात. त्याचं कारण समजून घेतलं की घाबरायला होत नाही. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर ठरते, त्यामुळे आधुनिक गणिताने केलेल्या सगळ्या पंचांगांत ती जवळपास सारखीच येते. नक्षत्र आणि रास मात्र राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरला यावर अवलंबून. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने चित्रा ताऱ्याच्या आधाराचं मान स्वीकारलं आणि आज बहुतेक पंचांगं तेच वापरतात, पण टिळक पंचांग वेगळं मान धरतं, म्हणून तिथे नक्षत्राची वेळ बरीच वेगळी येते. घरात एक पंचांग ठरवायचं आणि त्यालाच धरून राहायचं. आपल्याला हवी ती वेळ मिळेपर्यंत पंचांगं बदलत गेलं तर ते श्रद्धेलाही धरून नाही आणि व्यवहारालाही.

शिवाय छापील पंचांगात रात्री बारानंतरची वेळ काही ठिकाणी पंचवीस, सव्वीस अशा आकड्यांत असते. २५:३० म्हणजे रात्री दीड. आणि पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. शुक्रवारी पहाटे चार वाजता पंचांगाच्या हिशेबाने अजून गुरुवारच असतो.

राहुकाळ स्वतः मोजा

भिंतीवरच्या तक्त्यात किंवा मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशात राहुकाळ ठरावीक वेळी दिलेला असतो: सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, रविवारी साडेचार ते सहा. हा तक्ता सूर्य बरोबर सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरून केला आहे. आपल्या गावी वर्षातले फारच थोडे दिवस तसे असतात, किंवा नसतातच.

खरी रीत सोपी आहे. त्या दिवशीचा आपल्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त घ्यायचा. मधल्या वेळाचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग राहुकाळ, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा आणि रविवारी आठवा.

बहिणीचा शुक्रवार मार्चच्या पहिल्या आठवड्यातला होता. सूर्योदय ६:५२, सूर्यास्त संध्याकाळी ६:४०. दिवसमान ११ तास ४८ मिनिटं, म्हणजे ७०८ मिनिटं. आठाने भागून एक भाग साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांचा. शुक्रवारचा चौथा भाग, म्हणून तीन भाग सोडायचे: २६५ मिनिटं आणि वर अर्धं. ६:५२ मध्ये मिळवले की ११:१७ ला राहुकाळ सुरू आणि १२:४६ ला संपला. तक्त्यावर विसंबून कुणी "बारा वाजले, राहुकाळ संपला" म्हणत सव्वाबाराला सही केली असती तर ती नेमकी राहुकाळात झाली असती. पाळायचं असेल तर नीट पाळावं, म्हणून हे गणित.

गावाचा फरकही विसरू नका. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांच्या आसपास अंतर आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे मध्यान्हात पंचवीस मिनिटांचा फरक. नागपूरच्या मुलीने मुंबईचं राहुकाळाचं कोष्टक पाहणं चुकीचं.

याच हिशेबातून अभिजित मुहूर्तही निघतो. दिवसमानाचे पंधरा भाग करायचे, आठवा भाग अभिजित. तो मध्यान्हाच्या मागेपुढे साधारण चोवीस-चोवीस मिनिटं असतो. दुसरं काही जमत नसेल तेव्हा अभिजित घ्यावा, असं सांगतात. बहिणीच्या दिवशी तो १२:२२ ते १:१० असा आला. आता वरचा राहुकाळ पाहा. शुक्रवारचा राहुकाळ चौथा भाग, म्हणजे तो दर शुक्रवारी बरोबर मध्यान्हाला संपणार. अभिजित मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना. म्हणून शुक्रवारी अभिजिताचा पहिला अर्धा भाग नेहमीच राहुकाळात जातो. बुधवारी उलट, पाचवा भाग मध्यान्हाला सुरू होतो, म्हणून दुसरा अर्धा जातो. बुधवारी अभिजित घेऊ नये असंही बरेच जण सांगतात. "एका ॲपवर शुभ आणि दुसऱ्यावर अशुभ" असं जे दिसतं ते बऱ्याच वेळा हे असतं. दोन वेगवेगळ्या मोजण्या एकाच अर्ध्या तासावर पडलेल्या असतात.

तिन्ही दिवस पुन्हा पाहिले

एवढं हाती आल्यावर आम्ही बहिणीचे तीन दिवस परत काढले. माघ वद्य पक्ष होता. गुरुवारी दशमी, आणि भद्रा सकाळी सव्वानऊच्या सुमारास लागून रात्री साडेनऊपर्यंत. कामाचे सगळे तास गेले. सासूबाईंचं बरोबर होतं, गुरुवार सोडला.

शनिवारी चंद्र मकरेत. मिथुनेपासून मोजलं तर मिथुन, कर्क, सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक, धनू, मकर: आठवा. शिवाय रविवारी पहाटे विकणारे निघणार, म्हणजे काही अडलं तर दुरुस्तीला वेळ नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सगळ्यात कच्चा दिवस.

राहिला शुक्रवार. एकादशी. सकाळी साडेनऊनंतर उत्तराषाढा लागत होती, ध्रुव नक्षत्र. चंद्र दुपारी साडेतीनपर्यंत धनूत, म्हणजे बहिणीला सातवा. राहुकाळ १२:४६ पर्यंत. म्हणजे १२:४६ ते १:१० ही चोवीस मिनिटं स्वच्छ होती: राहुकाळ संपलेला, अभिजित चालू, नक्षत्र चांगलं, चंद्र अजून धनूत. दीरांनी सबंध शुक्रवार टाकला होता तो दीड तासाच्या राहुकाळामुळे.

आमच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "वद्य एकादशी आहे, चंद्र क्षीण होत चाललाय. शुद्ध पक्ष असता तर अधिक बरं. पण तुमच्याकडे तीनच दिवस आहेत ना? मग शुक्रवार घ्या, सही पाऊण वाजून गेल्यावर करा." सगळे दोष गेलेला मुहूर्त जवळजवळ कधीच मिळत नाही, हे जाणकार गुरुजी स्वतःच सांगतात. ते दोषांची प्रतवारी लावतात आणि आहे त्या चौकटीत कमीत कमी दोषाची वेळ देतात. जो तुमची अडचण न ऐकता सगळ्या तारखा बाद करतो आणि त्यावर महागडी शांत सुचवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि विचारायचं ते एकालाच. तीन जणांना विचारलं की तीन उत्तरं येतात आणि मनात शंका तेवढी उरते.

मुद्रांक शुल्क गुरुवारीच भरलं. भद्रेत पैसे भरायचे का, असा प्रश्न सासूबाईंनी काढला. खरेदीचा आरंभ सहीने होतो, ही तयारी आहे, असं सांगितल्यावर त्यांना पटलं. तयारीला मुहूर्त लागत नाही: शुल्क भरणं, झेरॉक्स काढणं, साक्षीदारांना निरोप देणं, दस्ताचा मसुदा तीनदा वाचणं. मसुदा तर गुरुवारीच वाचून संपवायचा, कारण चोवीस मिनिटांत वाचायला बसलं तर एक तर मुहूर्त जातो नाहीतर चूक राहते. आम्हाला गुरुवारी रात्री क्षेत्रफळाच्या आकड्यात चूक सापडली आणि ती सकाळी दुरुस्त झाली.

शकुन आला तर

मुहूर्त आपण शोधतो, शकुन आपल्याला गाठतो. निघताना शिंक येते, मांजर आडवं जातं, पाल चुकचुकते, डोळा लवतो. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा शुभ म्हणतात. समोरून पाण्याने भरलेली घागर आली की चांगलं, रिकामी आली की नाही.

यात आमची रीत एकच आहे: थांबायचं, पण रद्द करायचं नाही. शिंक आली की परत आत येऊन बसायचं, पाणी प्यायचं, देवाचं नाव घ्यायचं, दोन-पाच मिनिटांनी निघायचं. जुन्या माणसांनीही एवढंच सांगितलेलं आहे, काम सोडून द्या असं नाही. त्या पाच मिनिटांत मी पिशवी एकदा उघडून पाहते. गॅस बंद आहे का, कागद घेतले का. बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं. मात्र त्या पाच मिनिटांची सोय वेळापत्रकात आधीच ठेवावी. गाडी सुटायला दहा मिनिटं उरली असतील तर मनातल्या मनात नाव घेऊन चालतं व्हायचं.

एक शकुन आम्ही घरातून पूर्ण काढून टाकला. पूर्वी निघताना समोरून विधवा बाई आली तर अपशकुन म्हणायचे. माझी मोठी आत्या बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची चाळीस वर्षं घरातलं कुणी बाहेर निघालं की दाराआड उभी राहायची, आपण होऊन. तिने वाढवलेली पोरं परीक्षेला निघायची आणि ती आतून बघायची. माणसाला अपशकुन ठरवण्याला धर्माचा आधार देऊ नये, असं मी अगदी ठामपणे म्हणते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या घरी आता शुभकार्याला निघताना दही हातावर घालायचा मान माझ्या थोरल्या वहिनीचा आहे. दादा गेल्यापासून तर मुद्दाम तिचाच.

जिथे घड्याळ दुसऱ्याचं असतं

आजारपणात मुहूर्त पाहत नाहीत. छातीत दुखतंय, बाळंतपणाच्या कळा आल्यात, साप चावलाय, तिथे वेळ डॉक्टरची. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र-गंडे देणं हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र विचारायला हरकत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला डॉक्टरांनी दोन-तीन दिवस दिले तर त्यातला एक आपण पंचांग पाहून निवडू शकतो. सिझेरियनच्या बाबतीत मात्र जपून. मुहूर्तासाठी बाळ लवकर काढा असा आग्रह कधीही धरू नये. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी कारणाशिवाय सिझेरियन केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांना योग्य वाटलेल्या दिवसांतून पर्याय मिळाला तर घ्यावा, नाही मिळाला तर जो क्षण येईल तो त्या बाळाचा.

नोकरीची मुलाखत, परीक्षा, कोर्टाची तारीख यांचंही तसंच. वेळ दुसऱ्याने दिली आहे. तिथे मुहूर्त लावायचा तर घरातून पाऊल बाहेर टाकण्याला लावा, नाहीतर आजीसारखं प्रस्थान ठेवा. राहुकाळात मुलाखत आहे आणि राहुकाळ लागायच्या आधी घराबाहेर पडणं शक्य आहे, तर तासभर लवकर निघून तिथे जाऊन बसायचं. यात उशीर होण्याची भीतीही जाते.

शुक्रवारी बारा चाळीसला सगळे वकिलांच्या टेबलाभोवती बसले होते. दीर घड्याळ बघत होते. पेन उघडलं आणि बहिणीच्या नवऱ्याला शिंक आली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "पाणी प्या सगळ्यांनी." वकिलांच्या शिपायाने ग्लास आणले. पाणी पिऊन होईपर्यंत बारा पन्नास झाले होते. आधी विकणाऱ्यांनी सही केली, मग बहिणीने, मग साक्षीदारांनी. पावणेचारची वेळ होती, नंबर सव्वापाचला लागला. तोवर चंद्र मकरेत गेलेला होता, पण कुणी पंचांग काढलं नाही. अंगठे उमटले, फोटो निघाले, पावती हातात आली.

गृहप्रवेशाचा कलश पुढच्या महिन्यात पाडव्याला सकाळी ठेवला, दूध उतू घातलं. सामानाचा ट्रक मात्र त्यानंतरच्या रविवारी आला, ज्या दिवशी हमाल मिळाले त्या दिवशी, संध्याकाळी पाचला.